नीलिमा गायकर आणि रिकामा रकाना

नीलिमा गायकरसमोर "बघू, होऊन जाईल" म्हणायची सोय नाही. म्हणालात, की ती मान वर करून शांतपणे विचारते, "कोण बघणार? कधीपर्यंत?" मोरिवलीत तिच्या चुलतभावाच्या हळदीला मी गेलो होतो. मांडवात एक म्हातारा सहज बोलला, की यंदा जेवण कमी पडतंय की काय. दुसरं कुणी असतं तर हो हो म्हणून पुढे गेलं असतं. ही बाई त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली आणि काय कमी पडेल, कुठल्या पंगतीला, आचाऱ्याशी कोण बोललंय, असं एकेक विचारत सुटली. म्हाताऱ्याला काहीच माहीत नव्हतं. शेवटी ती स्वतः चुलीपाशी जाऊन आली, आणि मटण खरंच कमी होतं. घरचे लोक तिला सीबीआय म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही.

मी आणि ती एकाच कंपनीत. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवलीला लागूनच, कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं आमच्याकडे बनतात. मी खरेदी विभागात, ती प्रकल्प विभागात. कंपनीत काही नवं बांधायचं किंवा जुनं बदलायचं ठरलं, की त्या प्रकल्पाचं रिस्क रजिस्टर तपासायचं, हे तिचं काम. रिस्क रजिस्टर म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा तक्ता. एका ओळीत एक धोका. तो घडायची शक्यता किती, त्याला एक ते पाच गुण. घडला तर नुकसान किती, त्यालाही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या धोक्याचं रेटिंग. पुढे उपाय, आणि शेवटच्या रकान्यात जबाबदार व्यक्तीचं नाव. बहुतेक ठिकाणी हा तक्ता ऑडिट आलं की भरतात आणि ऑडिट गेलं की विसरतात. आमच्याकडेही तसंच सुखात चाललं होतं, नीलिमा येईपर्यंत.

तिचे वडील आण्णा याच पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात होते. शेत एमआयडीसीत गेलं आणि त्याच्या बदल्यात नोकरी मिळाली, तसली नोकरी. पन्नाशीच्या आत त्यांची फुप्फुसं गेली. नीलिमा मला एकदा डबा खाताना म्हणाली होती, "आण्णांना सगळे सांगायचे, काळजी घ्या. मॅनेजर सांगायचा, डॉक्टर सांगायचा, भिंतीवर बोर्ड पण होता. फक्त काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं आणि ते करायचं कुणी, हे कुणीच सांगितलं नाही." एवढं बोलून तिने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. त्यानंतर तिच्या प्रश्नांना मी कमी हसायला लागलो, पण हसायचो.

मी सांगतोय ती गोष्ट जुन्या टाकीची आहे. कारखान्याच्या मागच्या बाजूला जमिनीखाली सांडपाण्याची एक जुनी टाकी होती. तिच्यात नवे पंप बसवून, नवी पाइपलाइन जोडून पाणी सामायिक शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचं, असा प्रकल्प. त्यासाठी आधी टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढायला हवा होता. कारखाना थोडे दिवस बंद ठेवायचा, तेवढ्यात हे सगळं उरकायचं. प्रकल्पाचे मॅनेजर होते विनीत सबनीस. स्वभावाने चांगला माणूस. कुणाच्या घरी आजारपण आलं तर न मागता सुट्टी देणारा. पण बंदची तारीख त्यांनी वरच्या लोकांना देऊन टाकली होती, आणि दिलेल्या तारखेपुढे त्यांना दुसरं काही दिसेनासं व्हायचं.

त्यांनी पाठवलेलं रजिस्टर नीलिमाने उघडलं तेव्हा मी तिच्या टेबलाशी उभा होतो. पहिल्याच पानावर ती थांबली.

"हे बघ," ती म्हणाली. "सगळे सहा."

खरंच सगळे सहा होते. मटेरियल उशिरा येईल, सहा. पाऊस, सहा. कामगारांची अडचण, सहा. सेफ्टी इश्यूज, सहा. कुठे दोन गुणिले तीन, कुठे तीन गुणिले दोन. मला कारण माहीत होतं, ऑफिसातल्या चहावाल्यालाही माहीत असेल. आमच्या कंपनीत आठच्या वर रेटिंग गेलं की तो धोका मुंबईच्या हेड ऑफिसला कळवावा लागतो, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते काम सुरू करता येत नाही. म्हणून आधी ठरतं सहा, आणि मग त्याला शोभतील असे दोन आकडे शोधले जातात. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात कुठे 'टीम', कुठे 'सर्व संबंधित', आणि बाकी ठिकाणी काहीच नाही. सर्व संबंधित म्हणजे कोणीच नाही, हे शाळेत वर्ग झाडायची पाळी आलेल्या कुठल्याही पोराला कळतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मला बोलावलं होतं ते मटेरियलच्या ओळीसाठी. नीलिमाने तिथूनच सुरुवात केली.

"'मटेरियल उशिरा येईल.' कुठलं मटेरियल?"

"नवे पंप," मी म्हणालो. "बाकी सगळं गोदामात पडलंय."

"मग तसं लिहा. पंपवाल्याने तारीख दोनदा पुढे ढकललीय, त्यामुळे पंप बंदच्या काळात पोचणार नाहीत, त्यामुळे कारखाना जास्त दिवस बंद राहील. कशामुळे, काय घडेल, त्याने काय बिघडेल. तीन तुकडे. नाव तुझं घालू ना? पंपवाल्याच्या मागे तूच लागणार."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला जागाच नव्हती. मग ती 'सेफ्टी इश्यूज' या ओळीवर आली.

"हे काय आहे, सर?"

"सेफ्टीचे इश्यूज," विनीत म्हणाले. "क्या नीलिमा, एवढं तर सगळ्यांना समजतं."

"हा धोका नाही, हे धड्याचं नाव झालं. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षांचा गाळ आहे. ढवळला की त्यातून विषारी वायू सुटतो. माणूस आत उतरलेला असेल तर तो पडेल आणि मरेल. असं लिहा."

"एवढं भयानक लिहिलं तर वाचणारा घाबरेल."

"घाबरू दे. आणि हे सहा कुठून आले? शक्यता दोन, नुकसान तीन. आपल्याच गुणांच्या पट्टीत तीन म्हणजे हाड मोडणं, सुट्टी घ्यावी लागणं. माणूस मेला तर पाच. हे तीन कुणी ठरवलं?"

विनीतनी चष्मा काढून पुसला. "आपण उपाय धरूनच रेटिंग काढलंय. गॅस डिटेक्टर असेल, आत हवा मारायला ब्लोअर असेल, वरून दोर असेल. वायू आहे असं कळलं की कोण उतरेल? मग जास्तीत जास्त चक्कर."

नीलिमा माझ्याकडे वळली. "डिटेक्टरची ऑर्डर गेली?"

मी विनीतकडे बघितलं. मग खरं ते सांगितलं, की ऑर्डर सोडा, माझ्याकडे मागणीच आलेली नाही. "जो उपाय अजून विकतच घेतलेला नाही, त्याच्या नावावर रेटिंग कमी करता येत नाही, सर," ती म्हणाली. तिने शेरे लिहून रजिस्टर परत पाठवलं. प्रत्येक ओळीला शेरा, आणि रिकाम्या रकान्यांपुढे एकच वाक्य, की इथे माणसाचं नाव हवं.

इथे आमच्या लोकांनी जे केलं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. सुधारलेलं रजिस्टर आलं तेव्हा वाक्यं लांब झाली होती, तीन तुकड्यांची. टाकीच्या ओळीत वायूही आला होता. आकडा मात्र सहाच. आणि जिथे जिथे रकाना रिकामा होता, तिथे तिथे एकच नाव भरलेलं: किसन उघडा.

किसन उघडा आमच्या कंपनीचा माणूसच नव्हता. टाकी साफ करायचं काम बाळाशेठ नावाच्या ठेकेदाराकडे होतं आणि किसन त्याच्या टोळीतला. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात त्याची ठाकरवाडी. पावसात भात लावायचा आणि पाऊस सरला की वाडीतली पोरं गोळा करून कामाला उतरायचं, असं त्याचं चाललेलं. नाव हवं म्हटल्यावर विनीतनी बाळाशेठला विचारलं, बाळाशेठने हाताखालचा एक माणूस दिला. वरून खाली नाव घरंगळत गेलं आणि ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याच्यापाशी येऊन थांबलं. त्यात कुणी कट केला असं मला आजही वाटत नाही. एवढी अक्कल खर्च करायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

नीलिमाने रजिस्टर लगेच परत पाठवलं नाही. आधी ती किसनला भेटायला गेली, आणि मी बरोबर गेलो. मागच्या गेटाबाहेर चहाची टपरी आहे. किसन तिथेच होता. डोक्यावर कामावरची कडक प्लास्टिकची टोपी, पांढरी, सुपरवायझरची. आदल्या आठवड्यापर्यंत त्याची पिवळी होती.

"किसनदादा, कंपनीच्या कागदावर तुमचं नाव घातलंय, माहीत आहे?"

"माहीत हाय ना, ताई." त्याचा चेहरा फुलला. "बाळाशेट बोलला, कंपनीनी नाव मागितला, मी तुझा दिला. आता तू सुपरवायझर. पगार पन वाढवला. आवडीला सांगितला तं तिनी वाडीभर केला." आवडी म्हणजे त्याची बायको.

"टाकीत वास आला, कुणाला गरगरलं, तर तुम्ही काम थांबवाल?"

"थांबवीन की. बाळाशेटला फोन लावीन."

"तो म्हणाला, चालू ठेव, तर?"

किसन हसला. आपण काहीतरी खुळचट विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसा. "मंग तो शेट हाय ना, ताई."

"डिटेक्टर आला नाही तर तुम्ही विकत आणू शकाल? पोरांना खाली उतरू नका म्हणून परत वाडीला नेऊ शकाल, त्या दिवसाची हजेरी देऊन?"

या वेळी तो हसला नाही. चहाचा ग्लास त्याने बाकावर ठेवला. "तुमी मना काढताय का?"

"नाव काढावं लागेल. ज्याला काम थांबवायचा अधिकार आहे आणि खर्च करायचा अधिकार आहे, त्याचंच नाव तिथे असायला हवं. तुम्हाला दोन्ही नाहीत. उद्या काही झालं तर सगळे तुमच्याकडे बोट दाखवतील."

"काय नाय होत. आमी काय पयल्यांदा उतरतो?" मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "ताई, ऱ्हाऊ द्या ना नाव. नाव हाय म्हनून टोपी गावली. नाव काढला तं बाळाशेट टोपी पन काढील."

परत येताना मी तिला समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आकडा तुला काय वाढवायचाय तो वाढव, पण नाव राहू दे बिचाऱ्याचं. तुझं काय जातं? ती चालता चालता थांबली. म्हणाली, "माणूस मरू शकतो असं मीच लिहायचं आणि पुढे त्याचं नाव मीच राहू द्यायचं? पोलीस आले तर पहिलं कुणाला नेतील?" मला तिचा राग आला. बरोबर असलेल्या माणसाचा येतो तसा.

पुढची मीटिंग वादळी झाली. या वेळी कारखान्याचे प्रमुखही होते. नीलिमाने रजिस्टर पडद्यावर लावलं आणि टाकीची ओळ समोर ठेवली. नुकसान पाच, कारण माणूस मरतो. शक्यता तीन, कारण आपल्याच कारखान्यात मागे दोन माणसं याच टाकीच्या तोंडाशी गरगरून बसली होती, त्याची नोंद आहे. म्हणजे हे आपल्याकडे घडायला लागलेलंच आहे, अजून मेलं कुणी नाही इतकंच. पंधरा. आठच्या वर, म्हणजे लाल.

"लाल केलंस तर बंदची तारीख गेली," विनीत म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "एका आकड्यासाठी सगळा प्रकल्प लटकवणार?"

"आकडा चुकला असेल तर खोडा, सर. फक्त का खोडला ते बाजूला लिहा आणि खाली सही करा. मी तुमचं कारण मान्य करून पुढे पाठवते."

विनीतनी पेन उचललं नाही. मी बघत होतो, त्यांचा हात टेबलावरच राहिला.

"आणि जबाबदार व्यक्ती?" प्रमुखांनी विचारलं.

"तुम्ही, सर. काम थांबवायचा शेवटचा अधिकार तुमचा आहे."

प्रमुखांनी पडद्याकडे बघितलं. किसन उघडाचं नाव तिथे असताना ती ओळ त्यांनी नक्कीच आधी वाचली असणार, पण स्वतःचं नाव आल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "टाकीत माणूस उतरवायलाच लागतो का?"

बस, एवढाच प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. उतरवायला लागत नाही. बाहेरून पाण्याचा मारा करून गाळ सैल करता येतो आणि मोठ्या टँकरने ओढून घेता येतो. महाग पडतं, वेळ लागतो. धोका हेड ऑफिसला गेला, तिथून उत्तर आलं की माणूस आत जाणार नाही, टँकरवाली कंपनी बोलवा. बंदची तारीख पुढे गेली. ती ऑर्डर मीच काढली, आणि बाळाशेठचं काम रद्द झाल्याचं पत्रही मीच पाठवलं.

टँकरवाले आले तेव्हा नीलिमा आणि मी लांब उभे होतो. त्यांनी झाकण सरकवून डिटेक्टर दोरीने आत सोडला, आणि तो जो ओरडायला लागला तो त्यांनी वर ओढून बंद करेपर्यंत ओरडतच राहिला. त्या टाकीत किसन आणि त्याची पोरं उतरणार होती, वरून एक दोर आणि तोंडावर ओला रुमाल, एवढ्या तयारीवर. टपरीवरून परत येताना मी तिला काय सांगत होतो ते आठवून मला शरम वाटली.

प्रकल्प संपला. विनीतनी शेवटच्या तपासणीला टाकीच्या ओळीपुढे लिहिलं, 'धोका घडला नाही. बंद करावा.' कँटीनमध्ये ते सहज म्हणालेही, की बघा, काही झालं नाही, उगाच खर्च. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. न झालेला अपघात कुणाला दाखवता येत नाही, हेच या कामाचं दुखणं आहे. नीलिमाने ओळ बंद केली. आमच्या प्रकल्पाची हद्द गेटापर्यंत होती आणि गेटाच्या आत तो धोका उरला नव्हता, तेव्हा नियमाने ते बरोबरच होतं.

मधल्या काळात किसन एकदा तिला गेटावर भेटून गेला होता. टोपी नव्हती. बाळाशेठने टोळी मोडली होती, पोरं वाडीला परतली होती. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तुमी नाव खोडला तवाच मना वाटला." नीलिमाने त्याच्यासाठी विनीतकडे शब्द टाकला, मी माझ्या ओळखीच्या गोदामवाल्यांना विचारलं. सगळे हो म्हणाले, कळवतो म्हणाले. कोण कळवणार आणि कधी, हे विचारायचं काम नीलिमाने केलं, आणि त्यानंतर तेही लोक फोन उचलेनासे झाले.

शेवटी किसनला काम मिळालं ते उल्हासनगरात. कॅम्प दोनच्या बाजाराकडून आत गेलं की गल्लीबोळात जीन्सची लहान-मोठी कामं चालतात. तिथल्याच एका धुलाईच्या कारखान्यात, मागच्या टाकीतला गाळ काढायला. फलक नाही, नाव नाही, पत्र्याच्या शेडमागे जमिनीत खोदलेली टाकी. आधी एक पोरगा उतरला आणि पडला. किसन वर होता. दोर नव्हता. तो त्या पोराला काढायला उतरला आणि दोघेही वर आले नाहीत.

बातमी मी मोबाइलवर वाचली. 'टाकी साफ करताना दोघांचा मृत्यू', खाली नावं. मी नीलिमाच्या टेबलाशी गेलो आणि मोबाइल तिच्या पुढे धरला. तिने वाचलं. उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. ती रडते असं मी आधी कधी बघितलं नव्हतं. बायका हुंदके देतात तशी नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

दहाव्यानंतर आम्ही वाडीवर गेलो. माझ्या स्कूटरवरून, बदलापूर सोडून बारवीच्या रस्त्याने, मग कच्च्या वाटेने वर. घर कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं. आवडी दाराशी बसली होती. पोरसवदाच वाटली मला. नीलिमा तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मी नीलिमा. अंबरनाथच्या कंपनीतली."

"वळखला," आवडी म्हणाली. "कागदवाल्या ताई. तो सांगायचा." तिने पदर सारखा केला. "तुमच्याकला काम ऱ्हायला असता तं तो तिकडं नसता गेला."

"हो," नीलिमा म्हणाली.

मला राहवेना. आमच्या टाकीत डिटेक्टर कसा ओरडला होता, आमच्याकडे राहिला असता तर कदाचित आमच्याच टाकीत मेला असता, आणि त्याच्याबरोबर वाडीतली आणखी पोरं गेली असती, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं आणि नीलिमाने माझ्या हातावर हात ठेवला. घट्ट. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच होतं, आणि तिने ते सांगितलं नाही.

"पोलीस आलते," आवडी म्हणाली. "कारखानावाला बोलतो, तो ठेकेदाराचा मानूस. ठेकेदार बोलतो, मी वळखत पन नाय, आपल्या मनानी आलता. शेड कुनाची, तं बोलतात भाड्याची." ती बोलत होती ती कुणाला दोष दिल्यासारखी नाही, आपल्याला नीट समजलंय ना हे तपासल्यासारखी. "तुमच्या कागदावर तेचा नाव व्हता ना?"

"होतं. मी काढलं."

"का काढला?"

"काही झालं असतं तर सगळं त्यांच्यावर आलं असतं. ज्यांच्या हातात होतं त्यांचं नाव घातलं."

आवडीने हे मनात घोळवलं. घोटभर पाणी प्यायली. "मंग त्यांनी काम थांबवला."

"हो. नाव आल्यावर थांबवलं."

"आनि उल्हासनगरच्या कागदावर कुनाचा नाव व्हता?"

"तिकडे कागदच नव्हता."

वाडीत कुठेतरी कुणी लाकडं फोडत होतं. आवडीने तिकडे बघितलं, मग पुन्हा नीलिमाकडे.

"मंग ताई, तो मेला कुनाच्या नावावर?"

नीलिमाने मान खाली घातली नाही. तिला ते जमत नाही. तिने आवडीच्या डोळ्यांत बघूनच सांगितलं, "कुणाच्याच नाही."

आवडीने समजल्यासारखी मान हलवली आणि उठून आत चुलीपाशी गेली.